हेड बदलायचं की नवा प्रिंटर घ्यायचा?

ताईंनो, गटाच्या इंकजेट प्रिंटरच्या छपाईत पांढऱ्या रेघा आल्या, की लगेच हेड गेलं असं समजू नका. आधी नोझल चेकचं पान काढा. रेषा तुटक आल्या तर दोनदा हेड क्लीनिंग करा, रात्रभर थांबा आणि सकाळी पुन्हा पान काढा. सारखं क्लीनिंग केलं तर शाईच वाया जाते.

तरीही फरक नाही? मग वॉरंटी बघा. ती संपली असेल तर हिशोब मांडा. समजा, १२,००० रुपयांचा नवा प्रिंटर पाच वर्षं चालतो, म्हणजे वर्षाला २,४०० पडले. हेडचा खर्च मजुरीसकट ४,५००. आपला प्रिंटर दोन वर्षांचा असेल तर अजून तीन वर्षं धरा. वर्षाला १,५०० च पडतात, हेड बदला. चार वर्षांचा असेल तर एकाच वर्षासाठी ४,५०० जातील, त्यापेक्षा नवा घ्या.