चढाईपटूची ताकद खुब्यात

कबड्डी म्हटली की आपल्याला दम, चपळ पाय आणि लांब हात आठवतात. लहानपणी हुतूतू म्हणून आपण हा खेळ खेळलो, तेव्हा खुब्याकडे कोणी पाहिले नाही. पण चढाईपटू गडी टिपून परत पळतो, तेव्हा त्याला जोर मिळतो तो मुख्यतः खुब्याच्या सांध्यामागच्या स्नायूतून, म्हणजे आपण बसतो त्या नितंबाच्या स्नायूतून. शरीरातला हा सर्वात मोठा स्नायू.

गेल्या वर्षी अलिबागकडे गेले होते. ज्यांच्याकडे उतरले, त्यांची नात फिजिओथेरपी शिकते. शेजारचा चोवीस वर्षांचा मुलगा गावच्या संघातला चढाईपटू. त्याची तक्रार अशी, की गडी टिपतो, पण परत येताना पकडला जातो. शिवाय सामन्यानंतर कंबर धरते. "ताई, माझा वेगच कमी आहे," तो म्हणाला. तिने त्याला अंगणातल्या मातीत चढाई करायला सांगितली आणि ती त्याच्याकडे न पाहता पावलांच्या खुणा बघत बसली. मला तिचे कौतुक वाटले. आमच्या वॉर्डातही रोग्याची चाल अशीच पाहावी लागे.

अंतराचा हिशेब तिने आधी मांडला. मध्यरेषेपासून बोनस रेषा पावणेपाच मीटरवर असते. म्हणजे खोलवर गेलेल्या गड्याला परतायला तीन-चार ढांगाच मिळतात. एवढ्यात पूर्ण वेग येतच नाही. उभ्या जागेवरून पहिला धक्का किती जोरात बसतो, यावरच सगळे ठरते.

आता खुणा. वळल्यावर पहिल्या पावलाला मातीत टाचेचा खोल खड्डा दिसत होता. गडी वळताच ताठ उभा राहायचा आणि पाय खूप पुढे टाकायचा. पाऊल शरीराच्या पुढे पडले, की जमीन त्याला मागे रेटते. तो ब्रेकच झाला. पुढे झुकून पाऊल खुब्याच्या खाली किंवा किंचित मागे पडले, तर खुबा सरळ होताना पाय जमिनीला मागे ढकलतो आणि शरीर पुढे फेकले जाते. बरोबर पावलाची खूण चवड्याची असते आणि माती मागे उडालेली दिसते.

मग खुबा पुरा सरळ होत नव्हता, तेव्हा तो काय करी? कंबर मागे वाकवून जोर काढी. दुखणे तिथलेच. तिने त्याला उताणे निजवून गुडघे वाकवायला लावले, एक पाय उचलून दुसऱ्याच्या जोरावर कंबर वर उचलायला सांगितली. पाच-सहा वेळा झाले आणि मांडीच्या मागे गोळा आला. नितंब काम टाळतात आणि मांडीचा मागचा स्नायू त्यांचे ओझे वाहतो, याची ही एक खूण. अशा गड्याची मांडी धावताना अचानक लचकू शकते.

तिने दोनच गोष्टी दिल्या. पहिली, पाठीला काठी लावून वाकणे: काठी डोके, पाठ आणि माकडहाड यांना टेकलेली राहावी, नितंब मागे जावेत, गुडघे थोडेच वाकावेत. काठी सुटली, म्हणजे वाक खुब्यातून नव्हे, कमरेतून आला. दुसरी, भिंतीला हात टेकून तिरके उभे राहणे, एक गुडघा वर, आणि खालच्या पायाने जमीन मागे रेटणे. डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ रेषा हवी. पोट पुढे आले, की थांबायचे. दिवसाआड, प्रत्येक पायाने आठ वेळा. एकदम सामन्यात करू नकोस, असे तिने बजावले.

दीड महिन्याने तिने फोनवर सांगितले, की टाचेचा खड्डा गेला आणि कंबरही धरत नाही. पण घोटा कोणी पक्का धरला, तर खुब्याचा जोर फारसा उपयोगी पडत नाही. तिथे सुटण्याची युक्तीच लागते. हेही तिने प्रामाणिकपणे सांगितले.

आपल्यापैकी अनेकांना खुर्चीतून उठताना हातांनी जोर द्यावा लागतो. तिथेही हाच स्नायू. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, छाती पुढे न्या, मग पायांनी जमीन खाली रेटून उठा. मागे भिंत असलेली, हात असलेली, न सरकणारी खुर्ची घ्या. पाच वेळा पुरे. चक्कर आली किंवा जांघेत दुखले, तर थांबा. खुब्याचा सांधा बदलला असेल, तर किती वाकायचे हे आपल्या सर्जनला विचारल्याशिवाय बुटक्या खुर्चीवर बसू नका.