फिनास्टेराइड : गोळी घ्यावी की बाटली?

केस मागे सरकू लागले की त्वचारोगतज्ज्ञ साधारणपणे दोन औषधांची नावे घेतात, मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड. मिनॉक्सिडिल डोक्याला लावायचे असते, म्हणून त्याची फारशी धास्ती कोणी घेत नाही. फिनास्टेराइडची गोळी मात्र लैंगिक इच्छेवर परिणाम करते असे ऐकलेले असते. मग हेच औषध लावायच्या स्वरूपात मागितले जाते, आणि मेडिकलमध्ये मिनॉक्सिडिल ५ टक्के व फिनास्टेराइड ०.१ टक्के अशी ६० मिलिलिटरची बाटली पुढे येते. ती गोळीच्या मानाने बरीच महाग असते. या जादा पैशांत जादा सुरक्षितता मिळते का, हे सोलापूरच्या ग्राहकाने बाटली उघडण्याआधी तपासून घ्यायला हवे. सुरक्षितता मिळू शकते, पण ती रोज टाळूवर किती मिलिग्रॅम औषध पडते यावर ठरते.

भीती किती खरी?

शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचे संप्रेरक तयार होते. आनुवंशिक टक्कल पडणाऱ्यांच्या केसांची मुळे याच डीएचटीमुळे बारीक होत जातात. फिनास्टेराइड डीएचटी तयार करणारे विकर रोखते. १ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत १९९७ साली केसांसाठी मान्यता मिळाली. त्या वेळच्या चाचण्यांत पहिल्या वर्षी गोळी घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांनी लैंगिक तक्रार सांगितली, तर औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्या २.१ टक्के पुरुषांनीही तशीच तक्रार सांगितली. म्हणजे शंभरात दोन जणांचा फरक. बहुतेकांची तक्रार औषध थांबवल्यावर गेली. पण थांबवूनही ती न गेल्याच्या नोंदी नंतरच्या काळात आल्या आहेत, आणि २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने गोळीच्या दुष्परिणामांत आत्महत्येचे विचार असल्याचे मान्य केले. धोका थोडा आहे, पण काल्पनिक नाही.

भीतीचाही परिणाम होतो. इटलीतल्या २००७ च्या एका अभ्यासात प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम फिनास्टेराइड घेणाऱ्या १२० पुरुषांपैकी काहींना लैंगिक दुष्परिणामांची आगाऊ कल्पना दिली, काहींना दिली नाही. कल्पना दिलेल्यांपैकी ४३.६ टक्के जणांनी तक्रार केली, न दिलेल्यांपैकी १५.३ टक्के जणांनी. म्हणून औषध सुरू करण्याआधीची आपली स्थिती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगून ठेवावी. पुढे काही जाणवले तर ते नवीन आहे की जुने, हे तेव्हाच कळते.

लावलेले औषध रक्तात किती उतरते?

टाळूच्या त्वचेतून औषध रक्तात जातेच. किती जाते, ते मात्रेवर अवलंबून असते. डीएचटी खाली आणायला फिनास्टेराइड फार थोडे पुरते. १९९९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात १ मिलिग्रॅमच्या गोळीने रक्तातले डीएचटी सुमारे ७१ टक्के घटले, आणि तिच्या विसाव्या हिश्शाने, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅमनेही, ते जवळजवळ निम्म्यावर आले. त्यामुळे ‘रक्तात अगदी किंचित उतरते’ एवढ्या शब्दावर समाधान मानून चालत नाही.

लावायच्या औषधाचा सर्वांत मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४५८ पुरुष होते, कालावधी २४ आठवड्यांचा आणि औषध ०.२५ टक्क्यांचा स्प्रे. केसांच्या संख्येतली वाढ गोळीइतकीच आली. रक्तातले औषधाचे कमाल प्रमाण गोळीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी होते. तरीही रक्तातले डीएचटी ३४.५ टक्के घटले, गोळीवाल्यांचे ५५.६ टक्के. स्प्रे गोळीपेक्षा सौम्य ठरला, पण शरीराला त्याचा पत्ताच लागला नाही असे झाले नाही. आणि या अभ्यासात दिवसाला जास्तीत जास्त ०.२ मिलिलिटर स्प्रे मारायचा होता, म्हणजे औषध अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत.

मात्रा वाढली की काय होते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन छोट्या अभ्यासांतून कळते. त्यांत अनुक्रमे १८ आणि ३२ पुरुष होते. रोज सुमारे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम लावल्यावर रक्तातले डीएचटी पाव हिश्शाने घटले. सुमारे ०.९ मिलिग्रॅमपर्यंत नेल्यावर ते ४४ ते ४८ टक्के घटले. सुमारे २.३ मिलिग्रॅम लावल्यावर घट ६० ते ७० टक्क्यांवर गेली, म्हणजे गोळीच्या बरोबरीने. टाळूतल्या डीएचटीतली घट मात्र ०.२ मिलिग्रॅमलाही निम्म्याच्या आसपास होतीच.

आपल्या हातातली बाटली

आता आपल्या बाटलीचा हिशेब करू. ०.१ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम फिनास्टेराइड. मिनॉक्सिडिलच्या सवयीने सकाळी १ आणि रात्री १ मिलिलिटर लावले, तर टाळूवर रोज २ मिलिग्रॅम पडते. अभ्यासातल्या स्प्रेच्या कमाल मात्रेच्या हे चौपटीहून जास्त आहे, आणि ज्या मात्रेने रक्तातले डीएचटी गोळीइतके खाली गेले तिच्या जवळ. शिवाय तो स्प्रे त्वचेवर पातळ पापुद्रा धरणारा होता. आपल्याकडच्या बाटल्यांतला द्राव वेगळा असतो, त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. गोळीच्या भीतीने दोन वेळा बाटली लावणारा ग्राहक बहुधा पैसे जास्त देऊन तीच जोखीम विकत घेतो.

वर्षाचा खर्च

किंमत कंपनीगणिक बदलते, म्हणून पुढचे भाव फक्त हिशेबासाठी धरले आहेत. त्यांच्या जागी आपल्या खोक्यावरची एमआरपी घाला. समजा, जुळे सोलापूरच्या एका ३० वर्षांच्या तरुणाला १ मिलिग्रॅमची गोळी ८ रुपयांना, साध्या ५ टक्के मिनॉक्सिडिलची बाटली ६०० रुपयांना आणि दोन्ही औषधांची एकत्र बाटली ९०० रुपयांना मिळते. दोन्ही बाटल्या ६० मिलिलिटरच्या.

• फक्त गोळी, रोज एक : वर्षाला २,९२० रुपये.
• गोळी आणि दोन वेळा साधे मिनॉक्सिडिल : १०,२२० रुपये.
• एकत्र बाटली दोन वेळा : १०,९५० रुपये, फिनास्टेराइड रोज २ मिलिग्रॅम.
• रात्री एकत्र बाटली, सकाळी साधे मिनॉक्सिडिल : ९,१२५ रुपये, फिनास्टेराइड रोज १ मिलिग्रॅम.

गोळीची तुलना थेट एकत्र बाटलीशी केली की बाटली जवळजवळ चौपट महाग वाटते, पण तिच्या किमतीत मिनॉक्सिडिलही आहे. ते दोन्हीकडे धरले की फरक ७३० रुपयांवर येतो. चौथ्या मार्गात मिनॉक्सिडिल दोन्ही वेळा मिळते, फिनास्टेराइड तिसऱ्या मार्गाच्या निम्मे होते आणि दोन्ही औषधे असलेल्या मार्गांत खर्चही सर्वांत कमी राहतो. भीती असलेल्या माणसाने डॉक्टरांपुढे हाच पर्याय ठेवावा. त्याहून कमी मात्रा हवी असेल तर एकत्र द्राव एक दिवसाआड लावून चालेल का, हेही त्यांनाच विचारावे.

यात डॉक्टरांची फी धरलेली नाही. खासगी फी परवडत नसेल तर सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या, त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून दाखवता येते. फिनास्टेराइड चिठ्ठीवरच घ्यायचे औषध आहे. पैसे वाचवायला प्रोस्टेटसाठीची ५ मिलिग्रॅमची गोळी घरी तोडून खाण्याचा सल्ला काही जण देतात. तुकडे सारखे पडत नाहीत आणि तिची भुकटी घरातल्या गर्भवतीच्या हाताला लागू शकते, म्हणून हे टाळावे.

शोषण वाढवणाऱ्या चुका

ड्रॉपरवरची १ मिलिलिटरची खूण न पाहता अंदाजे ओतणे ही सर्वांत मोठी चूक. बाटली दोन वेळच्या वापराने तीस दिवसांऐवजी वीस दिवसांत संपली, तर टाळूवर रोज ३ मिलिग्रॅम पडते आहे. आपले प्रमाण चुकते आहे की नाही हे घरबसल्या ओळखायची हीच खूण. खोक्यावर बाटली उघडल्याची तारीख लिहून ठेवा.

उन्हाने भाजलेली, कोंड्याने खाजवून सोललेली किंवा डर्मा रोलर फिरवलेली टाळू औषध जास्त आत घेते. अशा वेळी टाळू भरून येईपर्यंत द्राव थांबवावा. ओल्या किंवा घामेजल्या डोक्यालाही लावू नये. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तो ओघळून कपाळावर, मानेवर उतरतो. रात्री डोके कोरडे करून, झोपण्याच्या किमान दोन तास आधी लावावा आणि लगेच हात धुवावेत. उशीचा अभ्रा स्वतंत्र ठेवावा.

ही काळजी घरच्यांसाठीही आहे. गर्भवतीच्या शरीरात फिनास्टेराइड गेल्यास मुलग्याच्या गर्भाच्या जननेंद्रियांची वाढ बिघडू शकते. अख्ख्या गोळीवर आवरण असते, पण ओल्या टाळूला आणि अभ्र्याला ते नसते. अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२५ मध्ये, औषधालयात मिसळून दिल्या जाणाऱ्या अशा लावायच्या द्रावांबद्दल इशारा देताना हा संपर्काचा धोका मुद्दाम सांगितला. २०१९ ते २०२४ या काळात त्यांच्याकडे ३२ तक्रारी आल्या होत्या. काही वापरणाऱ्यांना, हे लावायचे औषध असल्यामुळे दुष्परिणाम होणारच नाहीत, असे सांगितले गेले होते.

इच्छा कमी होणे, ताठरता न राहणे, छातीत गाठ किंवा दुखरेपणा, सतत उदास वाटणे यांपैकी काहीही नव्याने जाणवले तर औषध बंद करून डॉक्टरांना गाठावे. औषध थांबवल्यावर रक्तातले डीएचटी साधारण दोन आठवड्यांत पूर्ववत होते. चाळिशीनंतर प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना फिनास्टेराइड चालू असल्याचे सांगावे, कारण गोळीने तो आकडा निम्म्यावर येतो आणि खरा आजार झाकला जाऊ शकतो. रक्तदानाआधीही ते सांगावे. औषध थांबवून महिना झाल्याशिवाय रक्त देऊ नये.

कोणी काय निवडावे?

दुष्परिणामाची विशेष धास्ती नसेल आणि घरात गर्भवती किंवा लहान मुले असतील, तर १ मिलिग्रॅमची गोळी स्वस्त, मोजायला सोपी आणि सर्वांत जास्त अभ्यासलेली आहे. धास्ती असेल तर लावायचे औषध घ्यावे, पण दिवसातून एकदाच आणि मोजून. पूर्वी नैराश्य आले असेल किंवा लैंगिक तक्रार आधीपासून असेल, तर दोन्ही स्वरूपे बाजूला ठेवून साध्या मिनॉक्सिडिलपासून सुरुवात करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. कोणताही मार्ग घेतला तरी सहा महिन्यांआधी निकाल लावू नये, आणि सोडल्यावर वर्षभरात मिळालेले केस पुन्हा जातात हे धरून चालावे. म्हणून विकत घेण्याआधी एका बाटलीचा नव्हे, पाच वर्षांचा खर्च काढा आणि चिठ्ठीवर मिलिलिटर व वेळा स्पष्ट लिहून मागा.