कुलूपबंद गच्ची

नोएडातल्या आरुषी-हेमराज हत्याकांडाचा खटला चालला आमच्या गाझियाबादच्या विशेष सीबीआय न्यायालयात. इथे वकिली करताना नव्या ज्युनियरना मी हाच खटला आधी वाचायला देतो. त्यातून मला उमगलं ते असं.

१. गुन्हेगार आधी ठरला की शोध थांबतो. १६ मे २००८ला आरुषी तिच्या खोलीत मृत सापडली. घरकाम करणारा हेमराज कुठे दिसेना, म्हणून संशय त्याच्यावर गेला, पोलिसांनी बक्षीसही जाहीर केलं. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. ते त्या दिवशी कुणी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर हेमराजचा मृतदेह तिथेच पडलेला. ज्याला खुनी म्हणून शोधत होते, त्याचाच खून झाला होता. पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा दिवस त्यात वाया गेला, आणि हेमराजच्या घरच्यांना त्याच्या मरणाच्या बातमीआधी त्याची बदनामी ऐकावी लागली.

२. निर्दोषत्वाचं गृहीतक आपल्या माणसापुरतं नसतं. २३ मेला आरुषीचे वडील राजेश तलवार यांना अटक झाली. पोलिसांनी पत्रकार परिषदेत मुलीच्या चारित्र्यावरही बोट ठेवलं. तिला उत्तर द्यायची सोयच नव्हती. पुढे सीबीआयने घरकाम आणि तलवारांच्या दवाखान्यातली कामं करणाऱ्या तिघांना पकडलं. त्यांच्या नार्को चाचणीच्या चित्रफिती वाहिन्यांवर झळकल्या, आरोपपत्र मात्र कधीच आलं नाही. तलवारांवर अन्याय झाला म्हणणारे कितीतरी लोक आजही या तिघांना बेधडक खुनी म्हणतात. मला हे अतिशय खटकतं. संमतीविना नार्को चाचणी घटनाबाह्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितलं, पण तोवर या तिघांचे चेहरे घरोघरी पोचले होते.

३. संशय कितीही साठला तरी तो पुरावा होत नाही. सीबीआयने २०१०च्या अखेरीस प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. न्यायालयाने तो नाकारून आईवडिलांवरच खटला चालवला आणि नोव्हेंबर २०१३मध्ये जन्मठेप दिली. घरात चौघे, त्यांतले दोघे मेले, मग उरलेल्यांनी खुलासा द्यावा, असा युक्तिवादाचा गाभा होता. तेव्हा लागू असलेल्या पुरावा कायद्याच्या कलम १०६नुसार स्वतःलाच ठाऊक असलेल्या गोष्टीचा खुलासा आरोपीला द्यावा लागत असे. पण त्याआधी सरकार पक्षाने आपली बाजू सिद्ध करायला हवी. बाहेरचं कुणी आलंच नव्हतं, हे इथे सिद्ध झालं नव्हतं. १२ ऑक्टोबर २०१७ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांना मुक्त केलं. तोवर डासना तुरुंगात त्यांची जवळपास चार वर्षं गेली होती.

४. जमावाचा निकाल हातघाईवरही येतो. जानेवारी २०११मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, याच न्यायालयाच्या आवारात एकाने राजेश तलवारांवर सुऱ्याने वार केले.

अटकेची बातमी आली की एवढंच विचारा: आरोपपत्र दाखल झालं का? साक्षीदारांची उलटतपासणी झाली का? तोवर त्या माणसाच्या दारात, त्याच्या मुलांच्या शाळेत, त्याला खुनी म्हणू नका.