जखमेचा फोटो खरा की जुळवलेला? दाव्याचा फोटो असा तपासा

समजा, तुमच्यासमोर भरपाईचा एक दावा आहे. १२ जून, दुपारी ४:२०, पॉवर प्रेसमध्ये डाव्या हाताची तर्जनी चिरडली. सोबत फोटो, हॉस्पिटलचा केस पेपर आणि कारखान्याची अपघात नोंदवही. चला, सुरू करू.

१. कामगाराकडून मूळ फाइल मागवा. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. सांभाळा: नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली तारीख पुसली जाते. `IMG-20240612-WA0007.jpg` या नावातली तारीखही व्हॉट्सॲपची, फोटो काढल्याची नव्हे.

२. फाइलची प्रत करा. पुढचं सगळं प्रतीवरच; मूळ फाइल उघडून पुन्हा सेव्ह केलीत तर पुरावा बिघडतो.

३. प्रतीतली माहिती वाचा.

```
exiftool photo.jpg
```

`Date/Time Original` पाहा. `File Modification Date/Time` ला भुलू नका. ती बहुधा तुमच्या संगणकावर फाइल उतरल्याची वेळ असते. आपल्या फोटोवर १२ जून, १८:०५ आहे.

४. जुन्या दाव्यांच्या फोटोंशी ताडून पाहा. डिजीकॅममधला ‘सारखे फोटो शोधा’ हा पर्याय वापरा. फाइल तंतोतंत तीच आहे का, एवढंच पाहिलंत तर कडा कापून पुन्हा वापरलेला फोटो निसटतो.

५. इंटरनेटवर फोटोवरून शोधा. आधी चेहरा कापून टाका, कारण फोटो परक्या सर्व्हरवर जातो. मग फोटो आडवा उलटवून पुन्हा शोधा. उलटवलेली चोरी पहिल्या फेरीत सापडेलच असं नाही.

६. केस पेपरशी हात आणि बोट जुळवा. इथे दचकाल: फोटोत उजवा हात दिसतोय! थांबा, मागच्या मशीनची पाटी वाचा. अक्षरं उलटी आहेत. फोटो आरशासारखा उलटलाय, बहुधा सेल्फी कॅमेऱ्यामुळे, म्हणजे हात डावाच.

७. पाटीवरचा मशीन नंबर नोंदवहीशी जुळवा. प्रेसजवळची फरशी, गार्ड, डाग प्रत्यक्ष जाऊन पाहा. जागा धुतलेली दिसली म्हणून बनाव ठरवू नका. अपघातानंतर साफसफाई होतेच.

८. जखमेच्या कडा २०० टक्के मोठ्या करून पाहा. एकच डाग किंवा पोत दोनदा दिसला, तर खूण करा. `Software` मध्ये एडिटरचं नाव आलं तरी घाई नको. नुसता उजेड वाढवला तरी ते उमटतं.

९. कामगाराला विचारा, “हा फोटो कुणी, कधी काढला?” उत्तर आधी सुचवू नका. तो म्हणाला, “संध्याकाळी कारखान्यात परतल्यावर, पट्टी सोडून मीच काढला,” तर १८:०५ चा उलगडा झाला. केस पेपरवरची पट्टीची वेळ तेवढी पाहून घ्या.

१०. दिसलं तेवढंच अहवालात लिहा: ‘फोटो अपघातानंतर पावणेदोन तासांनी काढलेला, मशीन नंबर जुळतो.’ ‘बनावट’ हा शब्द टाळा. फोटो बाद झाला तरी दुखापत खोटी ठरत नाही. ती केस पेपर आणि साक्षीदारांवरून ठरवायची.