मित्राच्या ब्लेझरवरच्या चार ओळी

चि. सोनू यास,


निरोप समारंभाचं सूत्रसंचालन तुझ्याकडे आलं हे वाचून आनंद झाला. खोलीतल्या मित्राच्या त्या नारिंगी मखमली ब्लेझरवर लिहिलेल्या चार ओळी तू पाठवल्यास आणि विचारलंस, "मावशी, जास्त होत नाहीये ना?" चारपैकी एक चांगली आहे, एक दुरुस्त होईल आणि दोन मी काढून टाकायला सांगणार आहे. का, ते नीट सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुझं तुलाच कळेल.

आधी काढायच्या ओळी. "मधलं बटण लावलंय, पुढच्या रांगेतल्यांनी डोळे सांभाळा." हिला हशा मिळेल, मला शंका नाही. पण ही ओळ ब्लेझरवर नाही, मित्राच्या पोटावर आहे. कपड्यावरची थट्टा त्या कपड्यापाशीच थांबली पाहिजे. ब्लेझर तो रात्री काढून खुंटीला अडकवेल आणि त्यावरचा विनोदही तिथेच राहील. पोट, उंची, रंग हे खुंटीला अडकवता येत नाही. दुसरी ओळ, "फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून तीनशेला आणला." इथे लोक हसतील ते त्याच्या खिशाला. तुमच्या खोलीत कुणाच्या घरून किती पैसे येतात हे तुम्हा तिघांना ठाऊक आहे, सभागृहाला ते कळायचं कारण नाही. तुझा शर्टही तिथलाच आहे म्हणून तुला हे चालेलसं वाटतं. पण माइक तुझ्या हातात आहे आणि ब्लेझर त्याच्या अंगावर आहे, त्यामुळे तुम्ही दोघं त्या वेळी सारखे नसता.

तिसरी ओळ, "गावाकडच्या बँडवाल्याचा कोट." तुला यात फक्त चकाकणारी बटणं दिसली. त्याला मात्र त्यात त्याचं गाव ऐकू येईल. शिवाय लग्नात बँड वाजवून घर चालवणाऱ्या कुणाचा मुलगा किंवा मुलगी त्या सभागृहात बसलेली असू शकते. एकाची थट्टा करताना न बोलावलेल्या तिसऱ्या माणसाला खाली ओढायचं नाही. ही ओळ दुरुस्त होते ती अशी, की बँडवाला सोडायचा आणि ब्लेझरलाच माणूस करायचं. "ब्लेझर आधी येऊन पहिल्या रांगेत जागा धरतो, दोन मिनिटांनी मागून हा येतो." आता कमीपणा कुणाकडेच जात नाही. ब्लेझरचा थोडा रुबाब वाढतो, इतकंच.

चौथी ओळ मला मनापासून आवडली. "परीक्षेच्या आदल्या रात्री वीज गेली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ह्याच्याभोवती बसून अभ्यास केला." ही का जमली ते पाहा. एक तर ती इतकी अशक्य आहे की कुणाला खरी वाटणारच नाही. थट्टेत अतिशयोक्ती अर्धवट केली की ती टीका होते. "फारच भडक आहे रे" हे खरं असू शकतं, म्हणून ते लागतं. "याच्या उजेडात अभ्यास केला" हे खरं असूच शकत नाही, म्हणून ते ऐकणाऱ्याला मोकळं सोडतं. दुसरं म्हणजे या ओळीत तो सगळ्यांच्या उपयोगी पडतो. हसताना लोक त्याच्याभोवती गोळा झालेले दिसतात, त्याच्यापासून लांब पळताना दिसत नाहीत.

आता माझ्या विषयातल्या, म्हणजे मानसशास्त्रातल्या दोन गोष्टी, कारण त्या नेमक्या इथे लागू पडतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गिलोविच आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावला. त्या वयाच्या मुलांना तो घालणं लाजिरवाणं वाटे. मग त्यांना इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या जणांनी शर्टावरचा चेहरा ओळखला असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात सुमारे चौथाई जणांनीच ओळखला होता. म्हणजे कपड्याबद्दल मनात धाकधूक असलेल्या माणसाला आधीच वाटत असतं की सगळे आपल्याकडे पाहताहेत. एरवी ते तसं नसतं. पण तू माइकवरून ब्लेझरचं नाव घेतलंस की ते खरं होतं. त्याची भीती तू स्वतः खरी करून दाखवतोस, म्हणून खोलीत चाललेली ओळ सभागृहात चालेलच असं नाही.

दुसरा अभ्यास 2006 सालचा, क्रूगर आणि सहकाऱ्यांचा. थट्टा करणारा आपला हेतू जमेस धरतो. "मी प्रेमानंच बोललो" हे त्याला ठाऊक असतं, म्हणून आपलं बोलणं त्याला निरुपद्रवी वाटतं. ज्याची थट्टा होते त्याच्या पदरात हेतू पडत नाही, फक्त शब्द पडतात. "गंमत केली रे" हे नंतर सांगून फारसं काही भरून येत नाही ते यामुळेच. प्रेम असेल तर ते ओळीतच दिसलं पाहिजे, जसं तुझ्या चौथ्या ओळीत दिसतं.

एक गोष्ट तुझ्या पत्रावरून मला कळली नाही. तो ब्लेझर त्यानं कशासाठी घेतला? दादा कोंडके सिनेमात लोंबती नाडी असलेली ढगळ अर्धी चड्डी घालत. लोकांनी हसावं म्हणूनच ती होती, त्यामुळे तिला हसणं म्हणजे दाद देणं होतं. तुझ्या मित्रानंही तो धमाल म्हणून घेतला असेल, तो स्वतःच त्यावर विनोद करत असेल, तर तुला पुष्कळ मोकळीक आहे. पण त्या दिवशी आपण देखणं दिसावं, फोटो चांगले यावेत, कुणीतरी पाहावं, अशा आशेनं त्यानं तो घेतला असेल, तर ब्लेझरबरोबर ती आशाही तुझ्या हातात येते. तेव्हा एकच ओळ घे, तीही चौथी, आणि लगेच पुढच्या माणसाकडे वळ.

म्हणून आधी त्याला ओळी दाखव. विनोदातली अनपेक्षितता जाईल असं तुला वाटेल, पण ती प्रेक्षकांसाठी असते, त्याच्यासाठी असायची गरज नाही. बहुतेक तो त्यात स्वतःची एक ओळ घालेल, आणि ती तुझ्यापेक्षा सरस असेल. त्याला तुझ्या कपड्यांवर बोलायची जागाही ठेव. तुझ्या त्या कोपरावर विरलेल्या जर्सीबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखं बरंच असणार. तो बोलेल तेव्हा मधे तोंड घालू नकोस, हशा त्याला पुरता मिळू दे.

कार्यक्रमात त्याच्याकडे लक्ष ठेव. हसणाऱ्या माणसाची नजर तुझ्याकडे असते. तो हसता हसता इतरांची तोंडं पाहू लागला, बाही ओढू लागला, ब्लेझरची बटणं काढू लागला, तर पुढची ओळ लिहिलेली असली तरी गिळ. मग रात्री खोलीवर, दोघंच असताना, कोणती ओळ चुकली ते नाव घेऊन सांग आणि माफी माग. "मनाला लावून घेऊ नकोस" असं म्हणू नकोस, त्यानं चूक त्याची होते. आणि काही झालं तरी समारंभानंतर त्याला "नारिंगी" म्हणून हाक मारायची नाही. एका संध्याकाळची थट्टा टोपणनाव झाली की तो ते कपडे पुन्हा घालत नाही.

सुधारलेल्या ओळी त्याला आजच दाखव आणि तो काय म्हणाला ते मला कळव.

तुझी,
मावशी