चष्म्यावरून बघणारी आत्या

घरातल्या एका माणसाचे स्टिकर करणं आता अवघड राहिलेलं नाही. फोनवर फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की माणूस मागच्या भिंतीपासून सुटा होतो. पण असा सुटा झालेला माणूस आणि ग्रुपवर पुन्हापुन्हा वापरावासा वाटणारा स्टिकर यांत बरंच अंतर असतं. आमच्या आत्याचा संच करताना हे अंतर कुठे कुठे असतं ते कळत गेलं. आत्या सत्तरीची. केस पांढरेशुभ्र, डोळ्यांवर चष्मा, कानांत लोंबते डूल. कापायला याहून कठीण चेहरा शोधून सापडायचा नाही.

१. हावभाव माणसाचे घ्यावेत, इमोजीचे नव्हे.

हसू, रडू, राग, आश्चर्य अशी यादी घेऊन बसलं की समोरचा माणूस नाटक करायला लागतो आणि स्टिकर कुणाचेही वाटतात. आत्याला ‘राग दाखव’ म्हटलं तर तिने भुवया आवळून दात खाल्ले. तिला खरंच राग येतो तेव्हा ती तसं काहीही करत नाही. मान थोडी खाली घालते, चष्म्याच्या वरून बघते आणि गप्प राहते. मग यादी आम्ही तिच्या वागण्यातूनच काढली: चष्म्यावरून बघणं, गालाला हात लावून ‘अगं बाई!’, तोंडाला पदर लावून हसणं, पोह्यांची चव घेतल्यावरचं ‘मीठ कमी’, आणि ‘जेवलीस का?’

हे चेहरे हुकमावर येत नाहीत. तिला शेजारच्या वहिनींचा किस्सा सांगायला लावला आणि फोन स्टँडवर ठेवून एकामागून एक फोटो घेत राहिलो. ‘अगं बाई’ किस्स्याच्या ऐन मध्यावर आपोआप आलं. त्यासाठी मी काहीच सांगितलं नव्हतं.

२. पार्श्वभूमी निम्मी फोटो काढतानाच निघते.

पांढरे केस आणि पांढरी भिंत एकत्र आली की कुठलंही अ‍ॅप केसांचा वरचा थर भिंतीबरोबर कापून टाकतं आणि आत्या चप्पट डोक्याची दिसते. कडेला पुरेसा फरक नसेल तर यंत्राला कड सापडणार कुठून? म्हणून पांढऱ्या केसांच्या मागे गडद, काळ्या केसांच्या मागे फिकट, एवढं तरी पाळावं. आम्ही गडद राखाडी चादर टांगली. हिरव्या पडद्याचा मोह टाळावा. सिनेमावाले तो वापरतात, पण त्यांच्याकडे दिव्यांची सोय असते. घरात माणूस पडद्याजवळ बसतो, हिरवा उजेड उलटून पांढऱ्या केसांवर आणि गालाच्या कडेवर पडतो, आणि मागचं सगळं काढलं तरी ती हिरवट झाक चेहऱ्याबरोबर उरते. चादर राखाडी असली तर उरलेली झाक सावलीसारखी दिसते, डोळ्यांना खुपत नाही.

चादरीपासून तीन-चार हात पुढे स्टूल ठेवावं, म्हणजे माणसाची सावली चादरीवर पडत नाही. खिडकी समोर किंवा जरा बाजूला असावी, पाठीमागे कधीच नको. फोन डोळ्यांच्या उंचीवर हवा आणि चार-पाच हात लांब. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान गायब होतात. कडेने कापलेल्या चेहऱ्यात ते आणखीच उठून दिसतं, कारण मागे लक्ष वळवायला काही उरलेलं नसतं. स्टूल आणि फोन मात्र शेवटपर्यंत हलवू नये. त्याचं कारण पाचव्या मुद्द्यात येईल.

३. निवड करताना फोटो अंगठ्याएवढा करून बघावा.

मोठ्या पडद्यावर सगळेच फोटो छान वाटतात. गप्पांच्या खिडकीत मात्र स्टिकर छोटा दिसतो, आणि तोंडाच्या कोपऱ्यातलं बारीक हसू तिथे हरवून जातं. हात लांब धरून, फोटो छोटा करून भाव ओळखू आला तरच तो ठेवायचा. चेहऱ्याजवळ आलेला हात या कामी फार उपयोगी पडतो: गालावरचा तळवा, वर केलेलं बोट, तोंडावरचा पदर. पण कोपरं अंगाजवळ हवीत. दोन्ही हात पसरले की ते चौकटीत बसवण्यासाठी चेहराच लहान करावा लागतो.

४. खरं काम कडांचं.

संचातला सगळ्यांत अवघड स्टिकर होता तो चष्म्यावरून बघणारी आत्या. त्यात कडांच्या जवळजवळ सगळ्याच अडचणी एका ठिकाणी आल्या, म्हणून तोच इथे उलगडून सांगते.

फोनने आपोआप कापलेलं चित्र पहिल्या नजरेत निर्दोष दिसत होतं. ते मी संगणकावर गिंपमध्ये उघडलं (हे मोफत मिळतं) आणि खाली भडक गुलाबी रंगाचा एक थर घातला. पारदर्शक जागा दाखवणारे राखाडी चौकटींचे ठोकळे फसवे असतात. राखाडी चादरीचे तुकडे त्यांत बेमालूम मिसळून जातात. गुलाबीवर सगळं उघडं पडलं. चष्म्याची दांडी आणि कानशील यांच्यामधल्या फटीत चादर तशीच होती. हनुवटीखाली टेकवलेला हात आणि मान यांच्यामधल्या छोट्या त्रिकोणातही होती. एक डूल अर्धा गेला होता. डाव्या खांद्याजवळ हवेत दोन-तीन ठिपके तरंगत होते, ते चादरीवरच्या धाग्यांचे.

हे दुरुस्त करताना खोडरबर वापरला नाही. थरावर मास्क घातला. मास्कवर काळा रंग फिरवला की भाग लपतो, पांढरा फिरवला की परत येतो. डूल हवा असेल तर तो मूळ फोटोतून असाच परत आणता येतो. खोडरबराने गेलेलं मात्र गेलंच. पण डूल परत आणायचा तर मास्क मूळ, न कापलेल्या फोटोवर हवा. कापलेल्या चित्रात डुलाचा उरलेला अर्धा भाग नसतोच. फटी आणि त्रिकोण बारीक, कडक काठाच्या ब्रशने मोकळे केले. चष्म्याच्या काचेतून दिसणारा गाल आपलाच, तो राहू दिला. पण एका काचेच्या बाहेरच्या कोपऱ्यातून चादर दिसत होती. तेवढी जागा पूर्ण पारदर्शक केली असती तर काच फुटल्यासारखी वाटली असती. तिथे मास्कवर फिका करडा रंग दिला, म्हणजे काच अर्धवट दिसते.

आता केस. एकेक केस जपून कापायची हौस सगळ्यांना असते, आणि ती इथे वाया जाते. स्टिकरची एक बाजू ५१२ पिक्सेलची. त्या आकारात सुटा केस हा केस वाटत नाही, ओरखडा वाटतो. वर बाहेरून पांढरी कड द्यायची असली तर ती प्रत्येक सुट्या केसाभोवती वळसा घालत जाते आणि डोकं काटेरी होतं. म्हणून उडणारे केस सरळ छाटले आणि अंबाड्याची गोल रेघ तेवढी ठेवली. हवेतले ठिपकेही यासाठीच काढायचे. एकही राहिला तर त्याच्याभोवती स्वतंत्र पांढरं कडं तयार होतं.

५. आधी आकार, मग पांढरी कड.

व्हॉट्सअ‍ॅपला स्टिकर ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलचा, वेबपी प्रकारचा आणि स्थिर असेल तर १०० केबीच्या आत लागतो. त्यांची शिफारस अशी की चित्राभोवती ८ पिक्सेलची पांढरी कड असावी आणि तिच्याबाहेर चौकटीपर्यंत १६ पिक्सेल मोकळे राहावेत. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून ४८ गेले, आणि माणसाला उरले ४६४.

कड शोभेसाठी नाही. रात्री फोन काळ्या रंगावर गेला की काळे केस त्यात बुडतात आणि पांढऱ्या केसांभोवतीची चादरीची पुसट रेघ चमकायला लागते. पांढरी कड या दोन्हींवर पांघरूण घालते. पण ती मोठ्या फोटोवर दिली आणि नंतर फोटो लहान केला तर तीही लहान होते. तीन हजार पिक्सेलच्या फोटोवरची आठाची कड शेवटी जेमतेम दीड पिक्सेल उरते. म्हणून आधी लहान करायचं. मग गिंपमध्ये `Layer > Mask > Mask to Selection`, त्यानंतर `Select > Grow` मध्ये ८, आणि खाली नवीन थर घेऊन त्यात पांढरा रंग भरायचा.

आता स्टुलाची गोष्ट. प्रत्येक चित्र वेगवेगळं ताणून ४६४ मध्ये बसवलं तर एका स्टिकरमध्ये आत्याचा चेहरा मोठा, दुसऱ्यात छोटा होतो, आणि संच एका माणसाचा न वाटता पाच वेगळ्या फोटोंचा वाटतो. त्यामुळे सगळ्यांत जास्त जागा खाणारं चित्र आधी बसवलं (आमच्याकडे ते पदराचं होतं), आणि ते जितक्या पटीने लहान झालं तितक्याच पटीने बाकीची केली. फोन आणि स्टूल जागेवर असल्याने चेहरे आपोआप सारखे आले.

६. शब्द कमी, अक्षर जाड.

‘मीठ कमी’ला अक्षरं लागतात, चष्म्यावरून बघण्याला नाही. भाव बोलत असेल तिथे लिहू नये. लिहायचं तिथे बालूसारखा जाड देवनागरी फॉन्ट घ्यावा. बारीक फॉन्टमधल्या वेलांट्या आणि अनुस्वार छोट्या आकारात दिसेनासे होतात. अक्षरांना कड देताना ती पूर्ण शब्दाच्या बाहेरून द्यावी. अक्षरागणिक दिली तर काही ठिकाणी शिरोरेघेच्या सांध्यांवर उभ्या चिरा दिसतात. ‘मी’ची वेलांटी आणि ‘जे’ची मात्रा चौकटीबाहेर तर जात नाही ना, हेही बघावं.

७. पारदर्शकता वाटेत मरते.

जेपीजी प्रकारच्या फाइलमध्ये पारदर्शकतेला जागाच नाही. कष्टाने केलेलं पीएनजी चित्र भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की ते वाटेत जेपीजी होतं आणि आत्या एका भरीव चौकोनात बसून पोचते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं जातं. संच बनवणाऱ्या अ‍ॅपमध्ये निदान तीन स्टिकर लागतात आणि जास्तीत जास्त तीस. पाठवण्याआधी स्टिकर एकदा उजळ आणि एकदा काळ्या रंगाच्या गप्पांत टाकून बघावा. एकाच रंगावर तपासलेली कड तपासलेली नसते.

८. नकाराचा हक्क ज्याचा चेहरा त्याचा.

स्टिकर एकदा ग्रुपवर गेला की कुणीही तो आपल्याकडे ठेवतो आणि पुढे पाठवतो. मग आपण आपल्याकडून पुसला तरी त्यांच्याकडचा राहतो. म्हणून संच आधी एकट्या आत्याला दाखवला. पदर लावून हसणारा मला सर्वांत आवडला होता. ती म्हणाली, ‘‘हा नको गं. व्याह्यांच्या ग्रुपवर गेला तर?’’ तो काढला, मूळ फोटोही पुसला. ‘जेवलीस का?’ बघून मात्र तिने विचारलं, ‘‘मुलांना पाठवायचा झाला तर?’’ अक्षरांचा थर वेगळा ठेवलेला होता, त्यामुळे ‘जेवलास का?’ लगेच झाला. आता ती स्वतः बोलायच्या आधी तोच पाठवते, भाच्याला दुपारी आणि मला रात्री, माझ्यासाठी चुकीचाच.