पत्रलेखन : फोटो पुन्हा छापून मागताना

पावसाळ्यात आपल्या भूगावात भिंतींना ओल येते. एका घरी ट्रंकेतला आल्बम असाच भिजला. पाने चिकटली आणि सोडवताना फोटोंचा रंग निघून आला. पण निगेटिव्ह वेगळ्या पाकिटात कोरड्या होत्या. निगेटिव्ह शाबूत असली की फोटो पुन्हा छापता येतो. त्यासाठी लिहिलेले हे पत्र वाचा.

भूगाव, ता. मुळशी, जि. पुणे
दि. १५ जुलै

मा. व्यवस्थापक, फोटो स्टुडिओ, यांस
स. न. वि. वि.
आमच्या आत्याच्या लग्नाचे (मे १९९१) दोन रंगीत फोटो भिजून खराब झाले आहेत. सोबत निगेटिव्हची एक पट्टी आहे. त्यातील पुढील चित्रे छापून द्यावीत.
१) आकडा १२ : मांडवाच्या दारात सहा माणसे. डाव्या कडेला फेटा बांधलेले आजोबा आहेत. त्यांचा हा एकच फोटो आहे, तरी कड कापू नये.
२) आकडा १४ : आजी व आत्या. आजीचा पदर डाव्या खांद्यावर आहे.
प्रत्येकी दोन प्रती, आकार ४ × ६ इंच. खर्च आधी कळवावा. पट्टी न कापता परत द्यावी.
आपला नम्र,
अ. ब. क.

आता एकेक गोष्ट पाहू. पट्टीच्या कडेला आकडे छापलेले असतात. कधी आकडा दोन चित्रांच्या मधे येतो, म्हणून चित्रात काय आहे तेही लिहावे. निगेटिव्हमध्ये काळे ते पांढरे दिसते, त्यामुळे चेहरा चटकन ओळखू येत नाही.

पदराचा उल्लेख कशाला? निगेटिव्हची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद असते. ती उलटी धरून छापली तर डावे-उजवे बदलते. छापलेल्या फोटोत पदर उजव्या खांद्यावर दिसला की चूक लगेच कळते.

आकाराचे काय? चित्र ३६ मि.मी. लांब व २४ मि.मी. रुंद, म्हणजे लांबी रुंदीच्या दीडपट. ४ × ६ मध्येही तेच प्रमाण आहे, म्हणून सगळे चित्र मावते. ५ इंच रुंदीला मात्र साडेसात इंच लांबी लागेल. ५ × ७ चा फोटो मागितला तर अर्धा इंच कापला जाईल, आणि कडेचे आजोबा त्यातच जातील!

निगेटिव्ह कडेने धरा. बोट लागले तर ठसा उमटतो. फडक्याने पुसू नका, ओरखडा फोटोत दिसतो. बुरशी निगेटिव्हवरच चढली असेल, तर डाग छापलेल्या फोटोतही येतील. ते काम स्टुडिओवाल्यांवर सोडा.

स्वाध्याय : ८ × १२ इंची फोटोत हे पूर्ण चित्र मावेल का? आणि ८ × १० मध्ये किती इंच कापले जाईल?